रतिबाच्या धंद्याचा हिशेब: गिऱ्हाईक आणायला किती गेले, आणि त्याच्याकडून किती आले

बेळगाव शहरात गेल्या काही वर्षांत दुधाचा रतीब मोबाईलवरून घेणारी घरं वाढली आहेत. येळ्ळूर, उचगाव, किणये, बेळगुंदी या बाजूच्या शेतकऱ्यांकडून म्हशीचं दूध घ्यायचं, काचेच्या बाटल्यांत भरायचं आणि पहाटे टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगरच्या दारात ठेवायचं. महिन्याचे पैसे आगाऊ. असा धंदा मांडलेली किंवा मांडू पाहणारी तरुण मुलं वह्या घेऊन माझ्याकडे येतात. शंभर-दोनशे घरं झाली की त्यांना पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या गुंतवणूकदाराला भेटायचं असतं, आणि तिथे पहिल्या दहा मिनिटांत दोन आकडे विचारले जातात.

पहिला आकडा कॅक, म्हणजे एक नवं गिऱ्हाईक मिळवायला पडलेला खर्च. दुसरा एलटीव्ही, म्हणजे ते गिऱ्हाईक आपल्याकडे आहे तोवर त्याच्याकडून आपल्या हाती उरणारे एकूण पैसे. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की जे येतं ते निदान तीन असावं, अशी गुंतवणूकदारांची रीत आहे. भागाकार शाळेतला पोरगाही करील. वर आणि खाली काय लिहायचं इथेच बहुतेकांचं चुकतं, आणि चुकतं ते नेहमी आपल्याला बरं दिसेल त्याच बाजूला.

एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, येळ्ळूरच्या दोघा भावांचा असा रतीब आहे. आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या वहीतले घाला. सोपं पडावं म्हणून सध्या प्रत्येक घर रोज एक लिटर घेतं असं धरू.

पहिली पायरी: एका लिटरमागे हातात काय उरतं

भाव लिटरला ७२ रुपये. शेतकऱ्याला फॅटप्रमाणे सरासरी ५४ रुपये जातात. नासलेलं, सांडलेलं आणि तपासणीत गेलेलं दूध धरून लिटरमागे २ रुपये. पहाटे दूध टाकणाऱ्या पोराला पेट्रोलसकट दिवसाला ३०० रुपये, आणि त्याच्या लाईनीत ५० घरं, म्हणजे घरटी ६ रुपये. बाटली धुणं आणि फुटतूट २ रुपये. ऑनलाईन पैसे घेणं, मेसेज, वसुलीचे फोन यांचा १ रुपया. खर्च झाला ६५, उरले ७.

बहुतेक घरं महिन्यातून तीन-चार दिवस ‘उद्या नको’ म्हणून कळवतात. म्हणून महिना ३० दिवसांचा न धरता २६ दिवसांचा धरा. सात गुणिले सव्वीस, १८२ रुपये. हे एका घराचं महिन्याचं खरं देणं.

त्याच घराचं बिल मात्र १,८७२ रुपयांचं होतं. कॅकशी तुलना करताना हे १,८७२ घेतले तर पुढचा सगळा हिशेब दहापट फुगतो. सॉफ्टवेअरच्या धंद्यात ही चूक थोडीफार खपून जाते, कारण तिथे शंभर रुपयांच्या बिलातले सत्तर-ऐंशी हातात राहतात. दुधात शंभरातले दहासुद्धा राहत नाहीत. त्यामुळे एलटीव्ही नेहमी उरलेल्या पैशांवर काढायचा, विक्रीवर कधीच नाही.

शीतपेटीचा हप्ता, गोदामाचं भाडं, हिशेबनीसाचा पगार या सात रुपयांत वजा केलेला नाही, आणि करायचाही नाही. एक घर वाढलं म्हणून हे खर्च वाढत नाहीत. पण ते कुठून तरी भागायला हवेत, हे लक्षात ठेवा. तीन हा आकडा का मागतात त्याचं उत्तर तिथेच आहे.

दुसरी पायरी: गिऱ्हाईक आणायला खरंच किती लागले

आता एक महिना घ्या. भावांनी वर्तमानपत्रातून मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतली पत्रकं टाकली, छपाईसकट १२,००० रुपये. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती १५,०००. पत्रकावर लिहिलं होतं, ‘तीन दिवस दूध मोफत’. त्यावरून १५० घरांनी नाव नोंदवलं, आणि त्यातल्या ६० घरांनी पुढे पैसे भरून रतीब धरला.

भावांच्या वहीत काय होतं? जाहिरात २७,०००, नवी घरं १५०, कॅक १८० रुपये. वरून पाहता सोन्यासारखा धंदा!

पण मोफत दूध घेणारं घर गिऱ्हाईक नव्हे. पैसे भरले की गिऱ्हाईक. म्हणजे भागायचं ६० ने. मग मोफत दुधाचा खर्च कुठे गेला? तो त्यांनी दूधखरेदीच्या खात्यात टाकला होता, कारण दूध शेतकऱ्याकडूनच आलं होतं. ते दूध विकायला गेलं नव्हतं, गिऱ्हाईक धरायला गेलं होतं. आपल्याला ६५ रुपयांना पडणारं एक लिटर, तीन दिवस, १५० घरं: २९,२५० रुपये. पत्रकं आणि जाहिराती मिळून जेवढा खर्च झाला त्याहून हा जास्त आहे, आणि तो वहीत कॅकच्या नावाने कुठेच नव्हता. मी पाहिलेल्या बहुतेक वह्यांत हीच गाळलेली रक्कम सर्वांत मोठी निघते.

शिवाय दारोदार जाऊन नावं नोंदवणारा एक पोरगा, पगार आणि पेट्रोल मिळून १५,७५०. एकूण ७२,००० भागिले ६०, म्हणजे कॅक १,२०० रुपये. एकशे ऐंशीचे बाराशे झाले.

इथे भाऊ म्हणतात, ‘रविवारी आम्ही स्वतः फिरतो, त्याचे काही पैसे लागत नाहीत.’ लागतात. आज लागत नसतील, पण पाचशे घरांनंतर ते काम पगारी माणसाकडे जाईल आणि कॅक एका महिन्यात उसळी मारेल. म्हणून स्वतःच्या फिरण्यालाही गावातल्या मजुरीचा दर लावून वेगळ्या ओळीत लिहून ठेवावं. गुंतवणूकदाराला ती ओळ दाखवली तर समोरचा माणूस खूश होतो, असा माझा अनुभव आहे.

तिसरी पायरी: घर किती दिवस टिकतं

इथे थांबून नीट पाहायला हवं.

सोपी पद्धत अशी. महिन्याच्या सुरुवातीला ३०० घरं होती, महिन्याभरात त्यातल्या २४ घरांनी रतीब बंद केला. गळती ८ टक्के. शंभराला आठने भागा, साडेबारा. म्हणजे एक घर सरासरी साडेबारा महिने टिकतं. १८२ गुणिले साडेबारा, २,२७५ रुपये. हा झाला एलटीव्ही. त्याला १,२०० ने भागलं की येतात १.९.

या पद्धतीत एक गोष्ट गृहीत आहे: कालचं घर आणि दोन वर्षांपूर्वीचं घर सारख्याच वेगाने सोडून जातं. दुधात असं होत नाही. नव्या घराला पहिल्याच महिन्यात कळतं की बाटली सात वाजता येते आणि मुलाची शाळेची बस त्याआधी येते. सासूबाईंना साय पुरेशी जाड वाटत नाही. किंवा ठरलेल्या गवळ्याने विचारलेलं असतं, ‘वहिनी, माझं दूध का बंद केलंत?’ जे घर यातून तरलं ते सहसा वर्षभर हलत नाही.

म्हणून सरासरीवर विसंबू नका. एक आडवी वही करा. प्रत्येक ओळ म्हणजे एका महिन्यात आलेली घरं, आणि त्या ओळीत पुढे दर महिन्याला त्यातली किती घरं चालू आहेत तेवढंच लिहायचं. एक्सेल येत असेल तर उत्तम, नसेल तर लाल जिल्दीची वहीसुद्धा चालते. भावांच्या त्या ६० घरांची ओळ अशी दिसली: पहिल्या महिन्यात ६०, मग ४८, ४२, ३९, ३७, ३५. सहा महिने झाले. पुढे ३४, ३३, ३२, ३१, ३०, आणि बाराव्या महिन्यात २९.

पहिल्याच महिन्यानंतर १२ घरं गेली, म्हणजे २० टक्के. सातव्या महिन्यापासून मात्र महिन्याला एकच घर जातंय, तीन टक्क्यांच्या आसपास. आठ टक्के हा आकडा यातल्या कुठल्याच महिन्याची खरी स्थिती सांगत नाही. त्याचा आणखी एक दोष आहे. नवी घरं आणणं भावांनी दोन महिने थांबवलं की गळती आपोआप कमी दिसू लागते, कारण उरलेली बहुतेक घरं जुनी असतात. धंद्यात काहीही सुधारलेलं नसतं. आकडा सुधारला म्हणून जोरात जाहिरात सुरू केली की तोच आकडा पुन्हा बिघडतो, आणि मालक चक्रावतो.

आता त्या ओळीची बेरीज करा. बारा महिन्यांत मिळून ४५० घर-महिने झाले. गुणिले १८२, म्हणजे ८१,९०० रुपये. खर्च केले होते ७२,०००. एका वर्षात लावलेले पैसे परत आले आणि वर जेमतेम दहा हजार राहिले. नेमके कधी परत आले तेही या ओळीतूनच दिसतं. दहाव्या महिन्याअखेर ७१,१६२ रुपये जमले होते, म्हणजे वसुली अकराव्या महिन्यात. १,२०० ला १८२ ने भागून ‘साडेसहा महिन्यांत वसूल’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मधेच सोडून गेलेली घरं ते विसरतात.

दुसऱ्या वर्षी हीच तीन टक्क्यांची गळती राहिली असं धरलं तर दोन वर्षांत साधारण ७३६ घर-महिने होतात. दर घरामागे सुमारे २,२३० रुपये. मी दोन वर्षांवर थांबतो. सूत्र पुढे सहा-आठ वर्षांचंही उत्तर देईल, पण ज्या धंद्याला अजून दोन वर्षं झाली नाहीत त्याने आठव्या वर्षीची कमाई आज मोजणं मला पटत नाही, आणि जाणत्या गुंतवणूकदारालाही पटत नाही.

आपल्या भागापुरत्या दोन खुणा. पहिली, गणपतीला किंवा मे महिन्यात घर बंद करून गावी गेलेलं कुटुंब गळतीत धरू नये. तीस दिवस दूध गेलं नाही तरच ‘बंद’ लिहा. असं घर परतलं तर त्याला पुन्हा जुन्याच ओळीत घ्या. नव्यात घेतलंत तर कॅक खोटाच कमी दिसतो. दुसरी, कॉलेजच्या मुलांच्या खोल्या आणि कॅम्प भागातली बदलीवर येणारी कुटुंबं यांच्या ओळी वेगळ्या ठेवा. मुलं परीक्षा झाली की जातात, बदली झालेलं कुटुंब दूध कितीही आवडलं तरी जातं. यांची गळती तुमच्या सेवेबद्दल काही सांगत नाही, पण एलटीव्ही मात्र खाली ओढते. त्या भागात जाहिरात करायची तर कॅकही तेवढाच कमी हवा.

चौथी पायरी: तीन म्हणजे काय, आणि कुणासाठी

२,२३० भागिले १,२००, म्हणजे १.८६. सोप्या पद्धतीने १.९ आला होता. दोन्ही जवळ आले हा योगायोग. पण वसुलीचा महिना आणि गळतीची जागा फक्त ओळीनेच दाखवली.

एकास तीन ही अपेक्षा सॉफ्टवेअरच्या वर्गणीच्या धंद्यातून आली. अमेरिकेतल्या मॅट्रिक्स पार्टनर्सचे डेव्हिड स्कॉक यांनी ती लिहून लिहून रूढ केली. तिच्या जोडीला त्यांनी दुसरी अटही सांगितली होती: कॅक बारा महिन्यांच्या आत वसूल व्हावा. लोक पहिली लक्षात ठेवतात, दुसरी विसरतात.

तीनच का? यामागे कुठला नियम नाही, अनुभवाचा अंदाज आहे. गुणोत्तर एक आलं तर गिऱ्हाईक आणायला घातलेले पैसे तेवढेच परत येतात. शीतपेटी, भाडं, पगार, मालकाचं घर हे सगळं उघड्यावर. दोनच्या आसपास हे खर्च कसेबसे भागतात आणि एक वाईट उन्हाळा आला की खड्डा पडतो. तीनला खर्च भागून काही हाती राहतं आणि अंदाज थोडा चुकला तरी निभावतं. पाच-सहाच्या वर आकडा गेला तर गुंतवणूकदार खूश होण्याऐवजी विचारतात, ‘मग जाहिरातीवर आणखी का घालत नाही?’ धंदा वाढू शकत असताना मालक हात आखडून बसलाय असा त्याचा अर्थ ते घेतात. आपल्याकडचे सावध मालक या बाजूला बरेच असतात, आणि स्वतःच्या पैशावर धंदा करणाऱ्याने तसं असण्यात मला काही गैर वाटत नाही.

दुधासारख्या धंद्यात तीनपेक्षा वसुलीचा महिना मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सॉफ्टवेअरची किंमत कंपनी स्वतः ठरवते. इथे वरून नंदिनी आणि गोकुळच्या पिशव्यांचा भाव बसलेला, त्यामुळे विक्रीचा भाव मनासारखा वाढवता येत नाही, आणि खालून उन्हाळ्यात म्हशी कमी दूध देऊ लागल्या की खरेदीचा भाव चढतो. खरेदी ५४ वरून ५७ झाली असं धरा. लिटरला तीनच रुपये वाढले, पण सात रुपयांचे चार राहिले. महिन्याला १०४ रुपये, दोन वर्षांत घरामागे सुमारे १,२७५. गुणोत्तर १.८६ वरून थेट १.०६ वर. सात रुपयांच्या धंद्यात तीन रुपये म्हणजे अर्ध्याच्या जवळपास.

म्हणून गुणोत्तर दाखवताना एकच आकडा दाखवू नका. आजच्या खरेदीभावाचा आणि उन्हाळ्यातल्या भावाचा असे दोन दाखवा. तुम्ही दाखवला नाहीत तर समोरचा तिथल्या तिथे काढतो.

पाचवी पायरी: सरासरीच्या पोटात काय आहे ते पाहा

सगळी घरं एक लिटर घेतात असं आपण धरलं होतं. आता ते सोडून देऊ. अर्धा लिटर घेणाऱ्या घराचं काय होतं?

भाव ३६, दूध २७, नासधूस १. इथपर्यंत सगळं निम्मं. पण दूध टाकणारा पोरगा अर्ध्या बाटलीसाठीही तेवढाच जिना चढतो: ६ रुपये. बाटली तेवढीच धुवावी लागते: २. मेसेज आणि वसुली: १. खर्च ३७, म्हणजे दर दिवशी एक रुपया तोटा. असं घर दहा वर्षं टिकलं तर दहा वर्षं तोटा. त्याचा एलटीव्ही शून्याच्या खाली आहे, आणि ते आणायला वर १,२०० रुपये खर्च केले आहेत. निष्ठावान गिऱ्हाईक म्हणून त्याला दिवाळीला मिठाईचा बॉक्सही गेलेला असतो.

अर्ध्या लिटरची घरं एकूणात चौथाई असतील तर सगळ्यांची सरासरी काढताना ती दीड-दोन लिटर घेणाऱ्या एकत्र कुटुंबांच्या मागे लपतात. त्यांना काढून टाका असं मी म्हणत नाही. एक दिवसाआड एक लिटर द्या, किंवा अर्ध्या लिटरवर पोहोचवण्याचा वेगळा आकार लावा, किंवा जिथे जिन्यात आधीच चार घरं आहेत तिथेच अर्धा लिटर घ्या. पण आधी ती वेगळी मोजा.

दुसरी सरासरी कॅकमध्ये लपते. ७२,००० रुपयांत ६० घरं आली. भावांनी गुंतवणूकदाराला सांगितलं, ‘दुप्पट पैसे द्या, १२० घरं आणतो.’ तसं होत नाही. पहिली साठ घरं ही सहज मिळणारी होती: ओळखीतली, शेजाऱ्याकडे बाटली पाहिलेली, पिशवीच्या दुधाला आधीच कंटाळलेली. पुढच्या महिन्यात १,४४,००० खर्च करून ९० घरं आली असं समजा. सरासरी कॅक १,६००, ऐकायला ठीक. पण वाढीव ७२,००० मध्ये वाढीव ३० घरंच आली, म्हणजे त्या प्रत्येकाला २,४०० पडले. दोन वर्षांत हे घर २,२३० देणार. म्हणजे शेवटच्या तीस घरांवर उघड तोटा आहे, आणि सरासरी ते सांगत नाही. गुंतवणूकदाराचे पैसे याच शेवटच्या घरांवर खर्च होणार असतात, म्हणून त्याला सरासरीत रस नसतो.

शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आपोआप आलेली घरंही अशीच वेगळी काढा. साठपैकी वीस तशी असतील तर पैसे लावून आलेली घरं चाळीसच आणि त्यांचा कॅक १,८००. दोन्ही आकडे लिहा. फोन करणाऱ्या प्रत्येकाला ‘आमचं नाव कुठे ऐकलंत?’ एवढं विचारून वहीत टिपलं की काम भागतं.

हे नवख्यांनाच होतं असं नाही. मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे स्विगीने विकत घेतलेल्या सुपर डेली या घरपोच दुधाच्या कंपनीने २०२२ च्या मे महिन्यात मुंबई, पुणे, दिल्ली परिसर, हैदराबाद आणि चेन्नई ही शहरं बंद केली आणि फक्त बेंगळुरू चालू ठेवलं. भांडवल होतं, ॲप होतं, घरंही होती. पहाटेच्या दुधात लिटरमागे इतकं कमी सुटतं की गिऱ्हाईक मिळवण्याचा आणि पोहोचवण्याचा खर्च जरा ढिला पडला तर संख्या वाढवून तो भरून निघत नाही.

सहावी पायरी: १.८६ वरून तीनकडे

भाव वाढवणं हा पहिला विचार मनात येतो आणि तोच सर्वांत कमी चालतो. कारण वर आलंच.

भावांनी लाईन दाट केली. आधी अनगोळपासून सदाशिवनगरपर्यंत जिथून फोन येईल तिथे दूध जात होतं. आता त्यांनी टिळकवाडी-हिंदवाडीच्या ठरावीक गल्ल्या धरल्या आणि बाहेरच्या घरांना ‘अजून तिकडे येत नाही’ असं सांगू लागले. तोच पोरगा, तेच ३०० रुपये, पण लाईनीत ५० ऐवजी ७५ घरं. घरटी ६ चे ४ रुपये झाले. लिटरमागे सातचे नऊ, महिन्याला २३४. अर्ध्या लिटरचं घरही तोट्यातून निघून एक रुपया देऊ लागलं. गळतीचा वेग तोच धरला तर दोन वर्षांचा एलटीव्ही सुमारे २,८७० रुपये.

मग मोफत दूध बंद करून तीन दिवस अर्ध्या भावात दिलं. १५० ऐवजी १०० घरांनीच नाव नोंदवलं, पण आता आपल्याला पडणाऱ्या १८९ मधले १०८ रुपये घरच देत होतं. घरामागे ८१, एकूण ८,१००. जाहिरात सगळ्या शहराला न दाखवता त्या गल्ल्यांपुरती केली: ८,६५०. पत्रकंही तेवढीच कमी: ८,०००. पोरगा तोच: १५,७५०. मिळून ४०,५०० रुपये आणि घरं आली ४५. फुकटात चव घ्यायला आलेले गळाले, त्यामुळे शंभरातली पंचेचाळीस टिकली. आधी शंभराला चाळीस टिकत होती. कॅक ९००.

२,८७० भागिले ९००, म्हणजे ३.१९. त्या महिन्यात घरं साठऐवजी पंचेचाळीसच आली, आणि धाकट्या भावाला ते मनातून आवडलं नव्हतं. वाढ कमी दिसते म्हणून गुंतवणूकदार नाराज होतील असं त्याला वाटत होतं. काही होतीलही. पण उन्हाळी खरेदीभाव लावून पाहा: नऊचे सहा, महिन्याला १५६, दोन वर्षांत सुमारे १,९१५, गुणोत्तर २.१. आधीच्या वहीत हाच उन्हाळा १.०६ वर नेत होता.

पहिल्या महिन्यानंतरची ती वीस टक्के गळती अजून तशीच आहे. तिच्यावर पैसे लागत नाहीत, फोन लागतात. पैसे भरल्यानंतर चौथ्या आणि दहाव्या दिवशी एक फोन करून वेळ, साय आणि सुट्टीचं कळवणं नीट चालतंय का ते विचारा, आणि घर सोडून गेलं तर कारण त्याच्या ओळीत लिहा. सातच्या आत बाटली न येणं हेच कारण चार-पाच वेळा दिसलं तर लाईन कुठल्या गल्लीपासून सुरू करायची ते बदलता येतं.

गुंतवणूकदाराला भेटायला जाताना निदान सहा महिन्यांच्या ओळी असलेली ती आडवी वही न्या, तिच्याखाली लिटरमागच्या सात किंवा नऊ रुपयांची फोड, आणि कॅकमध्ये काय काय धरलंय त्याची यादी. सहा ओळींतल्या अलीकडच्या ओळी जुन्यांपेक्षा पहिल्या दोन महिन्यांत कमी गळत असतील तर गुणोत्तर अजून अडीच असलं तरी बोलणं पुढे जातं. उलट गुणोत्तर चार सांगितलं आणि ओळी मागितल्यावर ‘त्या करून पाठवतो’ म्हटलं, तर बहुधा त्यानंतर तिकडून फोन येत नाही.